एक पिशवी, एक पावती

मला हिशेब चांगला येतो, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. पिंपरी पेंढारला आमची पिठाची गिरणी होती आणि कोणाचं किती किलो दळण, कोणाकडे किती बाकी, हे सगळं मला तोंडपाठ असायचं. वही ठेवणाऱ्या बायकांना मी हसायचे. नवरा दूध डेअरीत कामाला होता, तो डेअरीतली रजिस्टरं लिहून लिहून दमलेला असायचा, त्यामुळे घरातला पैशाचा कारभार माझ्या हातात होता आणि तो माझ्याच हातात राहावा अशी मी पक्की तजवीज केली होती.

गिरणी आम्ही जुनी घेतली, मोटरसकट वीस हजारांना. एवढे पैसे घरात नव्हते. माझ्या पाच तोळ्यांच्या पाटल्या होत्या. आणि कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत, नणंदेची मोहनमाळ होती.

ती माळ माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सासूबाईंनी ती आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या नणंदेला घातली होती. नणंद माझ्या नवऱ्याहून मोठी, पेठ गावात दिलेली. तिच्या सासरी दिरांच्या वाटण्या चालल्या होत्या आणि घरातल्या चमच्यापर्यंत भांडण आलं होतं. माहेरचं सोनं वाटणीत ओढलं जाऊ नये म्हणून ती माळ आमच्याकडे ठेवून गेली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाय, तुझ्या बांगड्यांबरूबर ठेव. तिथं तरी कोन हात लावनार नाय."

हात मीच लावला. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा मात्र फारशी वाटली नव्हती. मनात एक जुनी टोचणीही होती की सासूबाईंनी मुलीला माळ घातली आणि सुनेच्या वाट्याला दोन साड्या आल्या. चारच महिन्यांचा प्रश्न आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आक्काला इचारून घे." मी म्हटलं, "विचारलं की ती कारण विचारणार, कारण सांगितलं की गिरणी चालंल का नाय ते विचारणार. सोडवून आणली की कुणाला कळतंय?" तो डेअरीला निघून गेला. वाद नको म्हणून गप्प बसायची त्याची सवय मला नेहमीच सोयीची पडायची.

ओतूरच्या पतसंस्थेत सोनेतारण मिळायचं. संस्थेचे सराफ मंगळवारी आणि गुरुवारी तिथे येऊन बसायचे. म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कमी. त्यांनी पाटल्या पाहिल्या, काळ्या कसोटीवर घासल्या, वजन केलं. मग मोहनमाळ घेतली, तिचा फासा, म्हणजे माळ अडकवायची मागची कडी, कसोटीवर घासला, मण्यांतली लाख आणि दोरा यांचं वजन अंदाजानं वजा केलं. पाटल्या पाच तोळे, माळ अडीच तोळे. दहा ग्रॅमच्या तोळ्याला संस्था अठ्ठावीसशे देत होती, म्हणजे एकवीस हजारांपर्यंत कर्ज बसत होतं. मला वीसच हवे होते.

सराफ माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, दोन पावत्या करा. पाटल्यांची एक, माळंची एक."

"का?"

"एखादी वस्तू आधी लागली तर तेवढीच सोडवता येती."

मी विचारलं, दोन पावत्यांना खर्च किती? कारकून म्हणाला, मूल्यांकनाची फी प्रत्येक खात्याला पन्नास रुपये. म्हणजे दोन पावत्यांचे शंभर. मी म्हटलं, एकच करा. पन्नास रुपये म्हणजे त्या वेळी गिरणीवरचं अर्ध्या दिवसाचं काम. सराफांनी खांदे उडवले आणि दोन्ही वस्तू एका कापडी पिशवीत घातल्या. पिशवीवर चिठ्ठी लागली, चिठ्ठीवर माझी सही झाली, दोरीच्या गाठीवर लाखेचं सील पडलं.

मग कारकुनानं कर्ज समजावून सांगितलं. त्याचं ऐकून मला ते कर्ज फारच आवडलं. हप्ता नाही. मुदत बारा महिने. मध्ये एक पैसा भरला नाही तरी कोणी दारात येणार नाही. सोडवायला याल तेव्हा मुद्दल आणि तोपर्यंतचं सगळं व्याज एकरकमी भरायचं. बारा महिन्यांत नाही सोडवलं तर नोटीस, आणि त्यानंतरही नाही आलात तर लिलाव. व्याज दरसाल अठरा टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा दीड. वीस हजारांना तीनशे. तो पुढेही काही सांगत होता, पण माझा हिशेब झाला होता आणि मी नोटा मोजायला घेतल्या होत्या.

आमच्याकडच्या कांदेवाल्यांना हे कर्ज बरोबर बसतं. त्यांचा पैसा वर्षातून एकदा येतो, आला की गठ्ठ्यानं येतो, ते एकदम जाऊन सोनं सोडवतात. गिरणीचा पैसा तसा नाही. तो रोज येतो, पाच रुपये, सात रुपये, आणि रोज जातो. मी एका डब्यात दर महिन्याला सोडवणुकीचे पैसे टाकायचे ठरवलं होतं. टाकायचेही. मग पट्टा तुटायचा, दगडाला टाकी लावावी लागायची, मोटर जळायची, आणि मी त्याच डब्यात हात घालायचे. हप्ता असता तर कोणीतरी मागायला आलं असतं. इथे कोणी मागतच नव्हतं. चार महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ. मी स्वतःला सांगत होते की अजून मुदत आहे.

अकरावा महिना सरत आला होता. सोमवारी दुपारी नवरा डेअरीतून लवकर आला आणि गिरणीच्या दारातच उभा राहिला. डेअरीतल्या फोनवर पेठहून निरोप आला होता. भाचीचं जमलं होतं. साखरपुडा येत्या रविवारी. "आक्का शुक्रवारी येतीय," तो म्हणाला. "माळ न्यायला."

जात्यात कोणाचं तरी बाजरीचं दळण चालू होतं. मी मोटर बंद केली. ती बाई विचारत राहिली, काय झालं, लाईट गेली का. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी डबा उपडा केला. सात हजार दोनशे पन्नास निघाले. तीनदा मोजले तरी तेवढेच. पण मोजता मोजता मला धीर आला, कारण माझं गणित असं होतं: वीस हजारांपैकी पाटल्यांवरचे चौदा, माळेवरचे सहा. सहा हजारांचं अकरा महिन्यांचं व्याज नव्वदनं नऊशे नव्वद. म्हणजे माळ सात हजारांत सुटते, आणि वर अडीचशे उरतात. पाटल्या मागाहून सोडवू. त्या विचारानं मला झोपही लागली, ती त्या आठवड्यातली शेवटची झोप.

मंगळवारी मी पहिल्या एसटीनं ओतूर गाठलं. कारकुनासमोर पावती ठेवली आणि म्हटलं, यातली मोहनमाळ तेवढी सोडवायची आहे.

त्यानं पावती उलटसुलट पाहिली. "बाई, माळ सुटत नाही. पिशवी सुटती."

"पैसे घ्या की माळंपुरते."

"घेतो. खात्यात भरणा करतो, पुढचं व्याज तेवढं कमी पडंल. पण पिशवी फुटणार नाही. एक पिशवी, एक पावती, एक सील. सगळी रक्कम आली की सील फुटतं."

मी विचारलं, सगळी म्हणजे किती? मी मनात आकडा तयार ठेवला होता, तेवीस हजार तीनशे. त्यानं रजिस्टर काढलं, बोट खाली नेलं आणि म्हणाला, गुरुवारी अकरा महिने पुरे होतायत, गुरुवारी आलात तर तेवीस हजार पाचशे एकोणसाठ.

मी भांडले. माझा आवाज मोठा आहे, गिरणीत बोलून बोलून झालेला, आणि त्या दिवशी तो आणखी मोठा निघाला. दोनशे एकोणसाठ रुपये कुठून आले, तुम्ही पैसे खाता की काय, असंही बोलले. कारकून शांत होता. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पहिल्या महिन्याचं व्याज तीनशे. ते मी भरलं नाही, म्हणून ते मुद्दलात पडलं. दुसऱ्या महिन्याला वीस हजार तीनशेवर व्याज, तीनशे चार रुपये पन्नास पैसे. तिसऱ्याला तीनशे नऊ. असं दर महिन्याला थोडं थोडं वर चढत गेलेलं, एका खाली एक, निळ्या शाईत. "कर्ज घेतलं त्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. सांगितलं असणार. मी नोटा मोजत होते.

बाजूच्या खुर्चीवर सराफ बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते "मी म्हटलं होतं" असं म्हणतील म्हणून मी तयार होते, म्हणजे त्यांच्यावरही ओरडायला तयार होते. ते तसं काही बोलले नाहीत, आणि मला जास्तच लागलं. चष्मा वर सारून म्हणाले, "नवं-जुनं करा."

नवं-जुनं मला ऐकून माहीत होतं. जुनं खातं पूर्ण पैसे भरून मिटवायचं, पिशवी फोडायची, आणि लगेच त्याच टेबलावर नवं कर्ज काढायचं. माझ्या बाबतीत माळ बाहेर काढून फक्त पाटल्यांवर. पाटल्यांवर चौदा हजार परत हातात येणार. पण ते मिळायच्या आधी तेवीस हजार पाचशे एकोणसाठ टेबलावर ठेवायला हवेत. तासाभरासाठी का होईना, कोणाकडून तरी.

"गुरुवारी या," सराफ म्हणाले. "त्याच्यानंतर मी थेट पुढच्या मंगळवारी."

एसटीच्या खिडकीशी बसून मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत होते. पन्नास रुपये जास्त दिले असते तर आज माळ माझ्या पिशवीत असती. सहा हजारांचे व्याजासकट सात हजार अडुसष्ट झाले असते आणि माझ्याकडे सात हजार दोनशे पन्नास होते. मी कपाळावर हात मारून घेतला, खरोखरचा, आणि शेजारची बाई सरकून बसली.

बुधवारी नवरा म्हणाला, "अजून येळ हाय. आक्काला फोन लावू. खरं सांगू. ती काय खाणार न्हाई आपल्याला."

"तू लावणार फोन?"

"तू म्हनली तर लावतो."

"नको," मी म्हटलं. मला कल्पनाच सहन होत नव्हती. फोन डेअरीत, बाजूला दहा माणसं कॅन घेऊन उभी, आणि हा सांगणार की माझ्या बायकोनं तुझी माळ गहाण टाकली. पण खरं कारण ते नव्हतं. तिनं माझ्या हातात माळ देताना जो चेहरा केला होता, सुटल्यासारखा, तो मला आठवत होता. तो चेहरा मोडायची माझी हिंमत नव्हती.

मी ओतूरच्या शेठकडे गेले. शेठचं किराण्याचं मोठं दुकान, मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथेच, मराठी आमच्यासारखंच. त्यांची हरभराडाळ आमच्या गिरणीत दळायला यायची, बेसनाचं बरंचसं काम माझ्याकडे होतं. मी आडवळणानं सुरुवात केली, तब्येत, पाऊसपाणी. शेठ म्हणाले, "किती पाहिजेत ते सांगा."

मी सांगितलं. सोळा हजार चारशे, त्यातले चौदा त्याच दिवशी परत.

"आन् चोवीसशे?"

"दळणात फेडीन."

त्यांनी कशाला ते विचारलं नाही. नवं-जुनं एवढंच मी बोलले होते, त्यात त्यांना सगळं कळलं असावं, त्यांच्याकडे असं विचारायला येणारी मी पहिली नव्हते. ते म्हणाले, "उद्या सकाळी घेऊन जा. पण चार वाजता नाशिकचा टेम्पो येतोय मालाचा. त्याला रोख द्यायचीय. चारच्या आत चौदा हजार माझ्या गल्ल्यात पाहिजेत. चार म्हणजे चार."

गुरुवारी साडेदहाला मी पतसंस्थेत होते. पदरात शेठचे पैसे, डब्यातले पैसे, सगळे मिळून तेवीस हजार सहाशे पन्नास. कारकुनानं ते घेतले, मोजले, पावती फाडली. खातं मिटलं. मी म्हटलं, आता पिशवी आणा.

तो म्हणाला, "साहेब जुन्नरला मीटिंगला गेलेत."

तिजोरीला दोन चाव्या होत्या. एक रोखपालाकडे, एक साहेबांकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नव्हती. साहेब दोनपर्यंत येतील असं म्हणाले होते.

म्हणजे आता माझ्याकडे ना पैसे होते ना सोनं. एक कागद होता. लाकडी बाकावर बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नये म्हणून दाराकडे बघत राहिले. दार उघडलं की मान वर. कोणी रोजच्या बचतीचा पिग्मीवाला, कोणी वीजबिल भरायला आलेला, कोणी नुसताच सावलीला आलेला. बारा वाजले. एक वाजला. सराफ जेवायला गेले आणि मला वाटलं हे आता येणार नाहीत. ते आले. दोन वाजले, साहेब आले नाहीत. माझ्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. मी सारखी कल्पना करत होते की एसटी बंद पडलीय, साहेब घाटात अडकलेत, शेठ टेम्पोवाल्यासमोर हात हलवत उभे आहेत, आणि उद्या नणंद येऊन कपाट उघडतेय. कपाट ती कधीच स्वतः उघडत नसे. पण मला तेच दिसत होतं.

तीनला दहा कमी असताना साहेब आले, घाम पुसत. तिजोरी उघडली. पिशवी आली. सील तपासलं, चिठ्ठीवरची सही माझीच आहे हे पाहिलं, मग फोडलं. सराफांनी दोन्ही वस्तू पुन्हा वजन करून पावतीशी ताडून पाहिल्या. माळ माझ्या हातात दिली. पाटल्या पुन्हा कसोटीवर, पुन्हा नवी पिशवी, नवी चिठ्ठी, नवं सील, नवी सही. सही जुन्या सहीशी जुळेना, कारकुनानं ती दोनदा करून घेतली. चौदा हजार मिळाले. फी पन्नास, फॉर्म आणि तिकिटाचे दहा. चार वाजायला पाच मिनिटं असताना मी शेठच्या दुकानात शिरले. टेम्पो आधीच दारात उभा होता. शेठनी नोटा घेतल्या, न मोजताच ड्रायव्हरबरोबरच्या माणसाला दिल्या आणि मला म्हणाले, "पाणी घ्या आधी."

माझ्याकडे एकतीस रुपये उरले होते आणि पोलक्यात माळ होती. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले.

घरी आल्यावर माळ उजेडात धरली आणि पुन्हा धडकी भरली. फाशावर, जिथे सराफांनी घासलं होतं, तिथे सोनं लख्ख दिसत होतं. बाकी माळ वापरून मंदावलेली, आणि तेवढा ठिपका नव्यासारखा. कर्ज घेताना मी बघितलंच नव्हतं. मी त्यावर तेल लावलं. मग गिरणीतलं पीठ चोळलं, म्हणजे जरा मळकट होईल. तो आणखी चकाकायला लागला. नवरा म्हणाला, "राहू दे आता. किती घासशील?"

शुक्रवारी नणंद आली. भाचीच्या साड्यांच्या गोष्टी सांगितल्या, मुलगा चाकणला कंपनीत आहे म्हणाली, चहा घेतला. मी शालूची घडी तिच्यासमोरच उलगडली, जशी काही ती वर्षभर तिथेच होती. तिनं माळ घेतली, हातात तोलली. मग अंगठा फाशावरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"चांगली जपलीस बाय," ती म्हणाली, आणि माळ रुमालात बांधून पिशवीत ठेवली.

मला तिच्या आवाजातून काही कळलं नाही. रविवारी साखरपुड्यात भाचीच्या गळ्यात ती माळ होती आणि मी पानातलं नुसतं चिवडत होते. पाहुणे विचारत होते, तब्येत बरी नाही का. प्रत्येक वेळी नणंद माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं आता बोलेल. ती सगळ्यांना वाढत होती, मलाही वाढलं, भात जरा जास्तच.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. माळ परत ठेवायला आली असेल असं मला वाटलं आणि इतकं बरं वाटलं की मी शालू काढूनही ठेवला. तिनं शालूकडे पाहिलं, पिशवी मांडीवरच ठेवली आणि चहा संपल्यावर विचारलं, "बाय, तुमच्या त्या पतसंस्थेत तोळ्याला किती देत्यात?"

नवरा उठून बाहेर गेला.

"लग्नाचा खर्च हाय," ती म्हणाली. "कांदा चाळीत हाय, पन भाव न्हाई. भाव आला की एकदम सोडवीन. तुला म्हाईत असंल, म्हनून इचारते."

मी सांगितलं. अठ्ठावीसशे. मग थांबवलं नाही स्वतःला, सगळंच सांगत सुटले, जणू तेवढ्यानं काही भरून येणार होतं. हप्ता नसला म्हणजे व्याज थांबत नाही. न भरलेलं व्याज मुद्दलात पडतं, मग त्याच्यावरही व्याज. महिन्याचं व्याज महिन्याला नेऊन भरलं तर ते चढत नाही आणि ते कोणी मागायला येत नाही, आपणच जायचं. ती मान हलवत ऐकत होती. मला कसं माहीत, हे तिनं विचारलं नाही.

आम्ही दोघी ओतूरला गेलो. मंगळवार होता, सराफ होते. तिनं हातातले सोन्याचे गोठ काढून टेबलावर ठेवले आणि शेजारी मोहनमाळ. कारकुनानं फॉर्म घेतला, तो तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "दोन पावत्या. गोठांची वेगळी, माळंची वेगळी." तो हसला नाही, पण त्याला हसू येत होतं हे मला दिसलं.

सराफांनी माळ उचलली. फासा डोळ्यांजवळ नेला, कसोटी पुढे ओढली आणि मग थांबले. त्यांची काही चूक नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या हातांना माल लक्षात राहतो, माणसं राहत नाहीत. ते म्हणाले, "ही माळ आधी आलीय आपल्याकडं. अकरा महिने होती."

मी टेबलाची कड धरली. कारकून माझ्याकडे बघायला लागला. पुढे काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं.

नणंद सराफांना म्हणाली, "व्हय. मीच दिली व्हती भावजयीपाशी. गिरनी घ्यायची व्हती त्यांला."

सराफांनी मान डोलावली आणि फासा घासला.

आम्ही परतीच्या एसटीत शेजारी शेजारी बसलो. मी पिंपरी पेंढारला उतरणार होते, ती पुढे आळेफाट्याला गाडी बदलणार होती. तिच्या मांडीवर दोन पावत्या होत्या, ती त्या चार घड्या करून पर्समध्ये घालत होती. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, मी सांगणार होते."

"कवा?"

ओतूर मागे पडलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पैल्या म्हैन्यात सांगितलं असतंस, तर हसले असते. दोन शिव्या घातल्या असत्या आन् चहा घेतला असता. तू अकरा म्हैनं ठिवलंस."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तिकीट काढ. कंडक्टर आलाय."

मी दोघींचं तिकीट काढलं. तिनं तिच्या तिकिटाचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि माझी मूठ मिटवली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती आमच्याकडे येत राहिली, पोरांच्या बारशांना, लग्नांना, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला. माळ तिनं कांदा विकून वेळेत सोडवली. ती पुन्हा माझ्याकडे ठेवायला दिली नाही.